ओलेड, आयपीएस की व्हीए? गेमिंगच्या मॉनिटरचं पॅनेल असं निवडा

गेमिंगचा पहिला मॉनिटर घ्यायला निघालेल्या माणसाला सगळ्या खोक्यांवर साधारण एकच मजकूर दिसतो. १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एचडीआर. आकारही सारखाच असतो, किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या चौपट. हा फरक बहुतेक वेळा पॅनेलच्या जातीमुळे पडलेला असतो, आणि तिचं नाव मोठ्या अक्षरात क्वचितच छापलेलं असतं. वेबसाइटवर खाली सरकत गेलात की ‘पॅनेल टाइप’ अशी एक ओळ सापडते. तिथे आयपीएस, व्हीए, टीएन किंवा ओलेड यांपैकी एक शब्द असतो. खरेदी त्या ओळीपासून सुरू करायची.

पहिल्या तिन्ही जाती एलसीडीच्याच. मागे बॅकलाइट सतत पेटलेला असतो आणि पुढचे द्रवस्फटिक वळून त्याचा प्रकाश सोडतात किंवा अडवतात. ओलेडमध्ये बॅकलाइट नसतोच, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तेव्हा विझतो. ओलेडचे फायदे आणि त्याचा एकमेव मोठा धोका, दोन्ही इथूनच निघतात.

पायरी १: आधी आपला पडदा दिवसभर काय दाखवतो ते लिहा

मॉडेलची नावं शोधायच्या आधी तीन गोष्टी कागदावर घ्या. तुम्ही खेळता तेव्हा खोलीत किती उजेड असतो? दिवा लावून, खिडकी उघडी ठेवून, की अंधारात? दुसरी गोष्ट, कोणते गेम खेळता आणि त्यांत तुमचा कॉम्प्युटर किती फ्रेम देतो? आणि तिसरी, जी जवळजवळ कोणीच लिहीत नाही: खेळ सोडून उरलेल्या वेळात पडद्यावर काय असतं? ऑफिसचं काम, एक्सेल, कोडिंग, ऑनलाइन क्लास, सगळं तासांत लिहा. या तीन उत्तरांतलं पहिलं कॉन्ट्रास्टबद्दल सांगतं, दुसरं रिस्पॉन्स टाइमबद्दल आणि तिसरं बर्न-इनबद्दल. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घेऊ.

पायरी २: कॉन्ट्रास्टचा आकडा आपल्या खोलीत लावून बघा

कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचं पांढरं हे काळ्याच्या किती पट उजळ आहे, ते प्रमाण. आयपीएसमध्ये ते साधारण १०००:१ असतं. टीएनमध्येही तेवढंच किंवा थोडं कमी. व्हीएमध्ये ३०००:१ आणि काही मॉडेलमध्ये त्याहून पुढे. ‘आयपीएस ब्लॅक’ नावाची सुधारित जात २०००:१ किंवा त्याहून पुढे जाते, पण ती अजून तरी ऑफिस आणि डिझाइनच्या कामाच्या मॉनिटरमध्येच जास्त दिसते. ओलेडचं काळं म्हणजे विझलेला पिक्सेल, म्हणून तिथे भागाकार करायला खाली शून्य उरतं आणि कंपन्या ‘इन्फिनिट’ लिहितात. खोक्यावर दहा कोटीस एक असला ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ दिसला तर तो सरळ सोडून द्या. पूर्ण पडदा काळा झाल्यावर बॅकलाइट विझवून मोजलेला तो आकडा असतो. एका चित्रात एकाच वेळी तेवढा फरक कधीच दिसत नाही.

आता आपल्या खोलीत हिशेब करू. मॉनिटरचं पांढरं २०० निट्सवर ठेवलं आहे, असं धरा. निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक. आयपीएसवर काळं ०.२ निट असेल, व्हीएवर साधारण ०.०७ आणि ओलेडवर शून्य. अंधाऱ्या खोलीत हा फरक लगेच दिसतो. आयपीएसवरची गुहा राखाडी धुक्यासारखी वाटते, शिवाय कोपऱ्यांत फिकट चमक दिसते, तिला आयपीएस ग्लो म्हणतात. व्हीएवर गुहा काळी वाटते. ओलेडवर पडद्याची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळत नाही.

पण ट्यूबलाइट लावली की खोलीतला उजेड पडद्यावर आपटून तुमच्या डोळ्यांत येतो. समजा, तो अर्धा निट आहे. हा अर्धा निट पांढऱ्यातही मिसळतो आणि काळ्यातही. मग आयपीएसचं प्रमाण २००.५ भागिले ०.७, म्हणजे साधारण २८६:१ उरतं. व्हीएचं ३५० च्या आसपास येतं. आणि ‘इन्फिनिट’ ओलेडचं ४०१:१. अंधारात जी दरी हजार आणि अनंत अशी होती, ती उजेडात एवढीशी राहते. दुपारी खिडकीसमोर बसून खेळणाऱ्याने निव्वळ काळ्या रंगासाठी ओलेडचे पैसे मोजू नयेत, असं मी म्हणतो ते यामुळे.

ओलेडमध्येही इथे दोन घराणी आहेत. सॅमसंग डिस्प्ले बनवते त्या क्यूडी-ओलेडमध्ये निळा ओलेड प्रकाश क्वांटम डॉट्समधून जाऊन लाल आणि हिरवा होतो. एलजी डिस्प्लेच्या डब्ल्यू-ओलेडमध्ये पांढऱ्या प्रकाशापुढे रंगांची गाळणी असते. क्यूडी-ओलेडचे गडद रंग जास्त भरदार दिसतात, पण त्यात बाहेरचा उजेड अडवणारा पोलरायझरचा थर नसल्यामुळे उजेडाच्या खोलीत त्याचं काळं किंचित जांभळट राखाडी वाटतं. दिवा लावून खेळणाऱ्याला डब्ल्यू-ओलेड या बाबतीत बरं पडतं.

मिनी-एलईडी ही वेगळी पॅनेलजात नाही. एलसीडीच्याच मागचा बॅकलाइट शेकडो किंवा हजारभर तुकड्यांत वेगवेगळा कमी-जास्त करण्याची ती सोय आहे. व्हीए किंवा आयपीएसचं काळं तिच्यामुळे बरंच सुधारतं आणि भर उजेडातही एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ताणून दाखवणारं चित्र, झगझगीत दिसतं. मात्र काळ्या आकाशात एकटा तारा असला की त्याच्याभोवती उजेडाचं वलय दिसतं, कारण एक तुकडा तरी हजारो पिक्सेलना व्यापतोच.

पायरी ३: ‘१ मिलिसेकंद’ कशाचा, ते विचारा

आधी वेळेचं माप डोक्यात पक्कं करा. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, तो त्याचा रिफ्रेश रेट, आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ वर ६.९, १८० वर ५.६ आणि २४० वर ४.२. पिक्सेलला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ म्हणजे रिस्पॉन्स टाइम, आणि तो या फ्रेमच्या वेळेत बसायला हवा. बसला नाही तर पुढची फ्रेम येते तेव्हा मागची पूर्ण पुसलेली नसते. पळणाऱ्या शत्रूमागे त्याची सावली ओढली जाते. तिला घोस्टिंग म्हणतात.

खोक्यावरचा १ मिलिसेकंद जीटीजी, म्हणजे एका राखाडी छटेपासून दुसऱ्या राखाडी छटेपर्यंतचा वेळ, असा मोजलेला असतो. छटांच्या शेकडो जोड्यांपैकी सगळ्यांत वेगवान जोडी, तीही पिक्सेलला जादा जोर लावणारा ओव्हरड्राइव्ह टोकाला नेऊन. चांगलं आयपीएस पॅनेल नेहमीच्या वापरात सरासरी ४ ते ६ मिलिसेकंद घेतं, आणि १८० हर्ट्झला ते चालून जातं. टीएन वेगवान असतं, पण त्याचे रंग आणि बाजूने बघताना उलटं होणारं चित्र पाहता आता त्याची वाट धरायला फारसं कारण उरलेलं नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या मोजक्या खेळाडूंसाठीच्या अतिवेगवान मॉनिटरपुरतं ते राहिलं आहे.

व्हीएची गोष्ट वेगळी. उजळ छटांमध्ये ते आयपीएसच्या जवळपास चालतं. काळ्याकडून गडद राखाडीकडे जाताना मात्र स्फटिक अडखळतात आणि स्वस्त व्हीएमध्ये २० ते ३० मिलिसेकंद सहज लागतात. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम ६ मिलिसेकंदांची. २५ मिलिसेकंदांचा बदल म्हणजे चार फ्रेम उलटून गेल्या तरी पिक्सेल आपल्या छटेला पोचलेला नाही. रात्रीच्या दृश्यात कॅमेरा फिरवला की झाडांच्या, खांबांच्या मागे काळा चिखल ओढल्यासारखा दिसतो तो याचा. गंमत अशी की ज्या अंधाऱ्या दृश्यांसाठी आपण व्हीएचा कॉन्ट्रास्ट घेतला, त्याच दृश्यांत ते सगळ्यांत मंद असतं. हळू चालणारा, गोष्ट सांगणारा गेम असेल तर हे खपतं. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ला खपत नाही.

ओलेडवर खोक्यावर ०.०३ मिलिसेकंद लिहिलेलं असतं. हाही आकडा प्रयोगशाळेतलाच, पण ओलेडचा पिक्सेल एक मिलिसेकंदाच्या बराच आत बदलतो आणि गडद छटांतही तेवढ्याच चपळाईने. २४० हर्ट्झच्या ओलेडवर मागच्या फ्रेमचा मागमूस राहत नाही.

तरीही ओलेडवर हलणारं चित्र धूसर दिसू शकतं, आणि इथे बरेच नवखे गोंधळतात. पिक्सेल कितीही झटकन बदलला तरी बदलल्यावर तो पूर्ण फ्रेमभर जागच्या जागी उभा असतो. आपला डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहतो. वस्तू सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने चालली असेल, तर ६० फ्रेमवर ती डोळ्यावर साधारण १७ पिक्सेल रुंद पुसट होते. २४० फ्रेमवर हाच पट्टा ४ पिक्सेलवर येतो. हा धूसरपणा पॅनेलमुळे नाही, फ्रेमच्या संख्येमुळे येतो. ‘एल्डन रिंग’ कॉम्प्युटरवर ६० फ्रेमवर अडवलेला आहे. तिथे २४० हर्ट्झचं ओलेड घेऊन कॉन्ट्रास्ट जबरदस्त मिळेल, पण हालचाल ६० ची ती ६० चीच राहील. म्हणून पॅनेलच्या आधी ग्राफिक्स कार्ड तुमच्या गेममध्ये किती फ्रेम देतं ते बघा.

काही मॉनिटरवर १ मिलिसेकंदापुढे ‘एमपीआरटी’ लिहिलेलं असतं. तो पिक्सेलचा वेग नव्हेच. बॅकलाइटची उघडझाप करून फ्रेम क्षणभरच दाखवायची, म्हणजे वरचा धूसरपणा कमी होतो, अशी ती युक्ती. चालते चांगली, पण पडदा मंद होतो आणि बहुतेक मॉनिटरवर ती लावली की फ्रेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारी व्हीआरआर सोय बंद होते.

पायरी ४: बर्न-इन म्हणजे झीज, तिचा हिशेब तासांत करा

‘बर्न-इन’ नावामुळे वाटतं की चित्र पडद्यावर जळून चिकटतं. होतं त्याच्या उलट. ओलेडमधला सेंद्रिय पदार्थ जितका वेळ आणि जितक्या उजेडाने पेटतो, तितका थकत जातो. सगळा पडदा सारखा थकला तर तुम्हाला कळणारही नाही. पण खाली टास्कबारची पट्टी रोज आठ तास एकाच जागी असेल, तर तिच्याखालचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जास्त थकतात आणि मग एकसारख्या राखाडी पार्श्वभूमीवर त्या पट्टीची छाया दिसू लागते. जुन्या वाड्याच्या दगडी जिन्यावर पायऱ्या मधोमध खोल गेलेल्या असतात ना, तसंच हे. एका दिवशी काही घडत नाही आणि एकदा खोलगट झालं की भरून येत नाही.

वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि निळा सगळ्यांत नाजूक. उजेडाचा परिणाम सरळ प्रमाणात नसतो. ब्राइटनेस दुप्पट केली की झीज दुपटीहून जास्त वाढते. त्यामुळे पूर्ण ब्राइटनेसवर पांढरा ब्राउझर दिवसभर उघडा ठेवणं, हा ओलेडवर करता येण्याजोगा सगळ्यांत महाग उद्योग आहे.

गेममधला स्थिर भागही याच हिशेबात येतो. ‘व्हॅलोरंट’मध्ये डाव्या कोपऱ्यातला नकाशा, खाली आरोग्य आणि गोळ्यांचे आकडे सतत एका जागी असतात. रोज तोच एक गेम पाच-सहा तास खेळणाऱ्याने याची काळजी करावी. रोज दोन तास आणि दर महिन्याला वेगळा गेम, असं असेल तर गेमपेक्षा डेस्कटॉपचीच झीज जास्त होते.

एलसीडीत अशी झीज होत नाही. आयपीएसवर कधी एखादं स्थिर चित्र काढल्यावरही त्याची पुसट छाया राहते, पण ती तात्पुरती असते आणि पडदा बंद ठेवला किंवा हलतं चित्र लावलं की काही वेळात जाते. एलसीडीचा बॅकलाइटही वर्षानुवर्षांनी मंदावतो, पण सगळीकडे सारखा.

ओलेड घेतलंच तर झीज सावकाश करायच्या मोजक्या गोष्टी आहेत, आणि पहिलीबद्दल आपल्याकडे विशेष सांगावं लागतं. ओलेड मॉनिटर दर काही तासांच्या वापरानंतर, बहुतेकांत चारेक तासांनी, ‘पिक्सेल रिफ्रेश’ नावाचं काम करतो. पॅनेल पिक्सेलमधला फरक मोजून विजेचं प्रमाण सावरून घेतं. याला काही मिनिटं लागतात आणि ते काम पडदा झोपलेला, म्हणजे स्टँडबायमध्ये असताना होतं. आता आपल्या घरी रात्री झोपताना प्लगपाशीच बटण बंद करायची सवय. आई-बाबांनी लहानपणापासून तेच शिकवलं आहे. एक्स्टेन्शन बोर्डचं बटण बंद केलं की पिक्सेल रिफ्रेश होतच नाही, आणि रोज असं झालं तर झीज सावरली जात नाही. ओलेड असेल तर मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज चालू ठेवा, मगच बोर्डाकडे हात न्या. लाइट वारंवार जाणाऱ्या गावात मॉनिटर यूपीएसवर ठेवलेला बरा.

मॉनिटरच्या मेन्यूत मोठं, पूर्ण पॅनेलचं रिफ्रेशही असतं. ते सावली दिसायला लागली तर किंवा मॉनिटरने स्वतः विचारलं तरच चालवा. दर आठवड्याला हौसेने चालवायचं ते नाही.

बाकीचं काम विंडोजमध्ये. `Settings > Personalization > Taskbar` मध्ये `Automatically hide the taskbar` सुरू करा, गडद थीम लावा, डेस्कटॉपवर काळं चित्र ठेवा आणि आयकॉन लपवा. चहाला उठलात तर पडदा लवकर झोपावा म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्या:

```
powercfg /change monitor-timeout-ac 3
```

यातला ३ म्हणजे मिनिटं. मॉनिटरमधली पिक्सेल शिफ्ट आणि लोगो मंद करणारी सोय चालूच ठेवा. एचडीआर नसलेल्या रोजच्या कामासाठी ब्राइटनेस १२० ते १५० निट्सच्या आसपास असली तरी संध्याकाळी खोलीत ती पुरते.

वॉरंटी वाचताना ‘बर्न-इन’ हा शब्द शोधा. २०२२ मध्ये एलियनवेअरने पहिला क्यूडी-ओलेड गेमिंग मॉनिटर, एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू, आणला तेव्हा बर्न-इनसकट ३ वर्षांची वॉरंटी दिली होती. पुढे इतरही अनेकांनी तशी द्यायला सुरुवात केली. पण प्रत्येक मॉडेलला आणि प्रत्येक देशात ती असेलच असं नाही. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकाकडून स्वस्तात मागवत असाल, तर वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते, आणि ओलेडच्या बाबतीत तो वाचलेला पैसा मला तरी वाचलेला वाटत नाही.

पायरी ५: एक खरा हिशेब मांडून बघू

समजा, पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. २७ इंची, १४४०पी मॉनिटर हवा आहे. आठवड्यातले सहा दिवस रोज सहा तास कोडिंग आणि क्लास, संध्याकाळी दोन तास ‘व्हॅलोरंट’, रविवारी रात्री दिवा मालवून ‘एल्डन रिंग’. कार्ड मधल्या ताकदीचं. ‘व्हॅलोरंट’मध्ये २४० फ्रेमपर्यंत सहज पोचणारं.

स्थिर पडद्याचे तास आधी मोजू. महिन्याला साधारण १५० तास कोड आणि ब्राउझर, म्हणजे वर्षाला १८०० आणि वॉरंटीच्या तीन वर्षांत ५४००. त्यापुढे ‘व्हॅलोरंट’चे महिन्याला साधारण ५० तास. म्हणजे झीज करणार तो गेम नव्हे, तर एडिटरची डावीकडची पट्टी आणि ब्राउझरच्या टॅब. त्यातही ओलेडवर अक्षरांचा प्रश्न उरतो. त्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीच्या एलसीडीसारखी नसते, क्यूडी-ओलेडमध्ये तर ती त्रिकोणी असते. त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. नव्या पिढीच्या पॅनेलमध्ये ती कमी झाली आहे, तरी दिवसाला सहा तास कोड वाचणाऱ्याने दुकानात पडदा चालू करून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

हालचालीच्या बाजूने ‘व्हॅलोरंट’ला २४० हर्ट्झ ओलेड सर्वोत्तम, पण २४० हर्ट्झचं चांगलं आयपीएस फार मागे नाही. ‘एल्डन रिंग’ ६० वर अडलेला असल्याने तिथे वेगाचा फायदा नाही, फक्त काळ्याचा आहे, आणि तो आठवड्यातून एका रात्रीचा. या मुलाला मी २४० किंवा १८० हर्ट्झचं आयपीएस घ्यायला सांगेन आणि उरलेल्या पैशांत खोलीत मॉनिटरच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा लावायला सांगेन. मागे मंद उजेड असला की डोळ्याला आयपीएसचं राखाडी काळं कमी खुपतं.

त्याच्याकडे जुना ऑफिस मॉनिटर पडून असता, तर उत्तर बदललं असतं. कोड जुन्यावर, खेळ ओलेडवर, आणि ओलेडवर वर्षाला १८०० ऐवजी काहीशे स्थिर तास. नोकरीवरून आल्यावर अंधारात रोज वेगवेगळे गेम खेळणाऱ्या, कामाला ऑफिसचा वेगळा लॅपटॉप असलेल्या माणसाने तर ओलेड घ्यावंच. पैसे कमी, अंधारी खोली आणि सावकाश गेम, असं ज्याचं आहे त्याला व्हीए. फक्त विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या गडद छटांचे मोजलेले आकडे कुणी प्रसिद्ध केले असतील तर ते जरूर बघावेत. व्हीएत दोन मॉडेलमधला फरक आयपीएसपेक्षा कितीतरी जास्त असतो.

पायरी ६: खोकं उघडल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

प्रथम `Settings > System > Display > Advanced display` मध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज बऱ्याचदा ६० वरच थांबतं आणि माणूस महिनोन्‌महिने १८० चे पैसे देऊन ६० बघत राहतो. यादीत १८० दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट बदला. मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्ट केबल वापरा.

मग testufo.com उघडा. उडत्या तबकडीमागे फिकट सावली ओढली जात असेल तर पिक्सेल मंद आहेत. मॉनिटरच्या मेन्यूत `Overdrive` किंवा `Response Time` एकेक पायरी वाढवा. एका पायरीवर सावलीच्या जागी उजळ किंवा रंगीत कडा दिसू लागेल. पिक्सेलला इतका जोर लावला की तो आपली छटा ओलांडून पुढे गेला. त्या पायरीच्या एक खाली थांबा. बहुतेक मॉनिटरवर ती मधली पायरी निघते, ‘एक्स्ट्रीम’ नव्हे. हीच चाचणी पार्श्वभूमी गडद करून पुन्हा करा, व्हीए असेल तर खास करून. गेममध्ये फ्रेम ७०-८० वर घसरतात तेव्हा हाच ओव्हरड्राइव्ह जास्त होऊ शकतो, म्हणून रिफ्रेश रेट कमी करूनही एकदा बघून घ्या. ओलेडवर ओव्हरड्राइव्हची भानगडच नाही.

ओलेड आणि व्हीएवर लुकलुक तपासा. व्हीआरआर चालू ठेवून एखाद्या गेमच्या लोडिंगच्या किंवा गडद मेन्यूच्या पडद्यावर थांबा. फ्रेम वरखाली उडतात तेव्हा गडद भाग थरथरताना दिसतो, कारण रिफ्रेश रेट बदलला की पिक्सेलची गडद छटाही किंचित बदलते. मॉनिटर खराब आहे असं समजू नका. गेममध्ये फ्रेमला मर्यादा घाला, नाहीतर त्या एका गेमपुरतं व्हीआरआर बंद करा. रोजच्या गेममध्ये एवढ्यानेही थांबत नसेल तर मात्र परत करायचा विचार करा.

आयपीएस असेल तर रात्री दिवे मालवून पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यातली चमक डोकं हलवल्यावर जागा बदलत असेल तर ती ग्लो, प्रत्येक आयपीएसवर कमी-अधिक असतेच. डोकं हलवूनही एकाच जागी राहणारा उजळ डाग म्हणजे कडेने झिरपणारा बॅकलाइट. तो मोठा असेल तर मॉनिटर बदलून मागा.

ओलेड असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण पडद्यावर मधली राखाडी, मग लाल, हिरवं आणि निळं चित्र लावून फोनने प्रत्येकी एक फोटो काढा. अगदी गडद राखाडीवर पुसट उभे पट्टे नव्या पॅनेलवरही दिसतात, ती झीज नव्हे. दर सहा महिन्यांनी तसेच फोटो काढून आधीच्याशी ताडून बघा. कुठे टास्कबारची किंवा नकाशाची सावली वाटली तर आधी पूर्ण पॅनेलचं रिफ्रेश चालवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. गेली तर ती तात्पुरती होती. राहिली आणि वॉरंटीत बर्न-इन असेल, तर हे तारखांचे फोटो, बिल आणि मॉनिटरच्या पाठीवरचा सिरियल नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला कळवा, मुदत संपायच्या आत.